सांगलीचा फोल्डर, ठाण्याचा लॅपटॉप

एका छोट्या त्रैमासिकाचा सगळा संसार सांगलीतल्या एका जुन्या डेस्कटॉपवर आहे. वीसेक वर्षांचे अंक, लेखकांचे मूळ मजकूर, मुखपृष्ठं, छायाचित्रं, सगळं मिळून 180 जीबी. त्रैमासिक माझ्या मावसबहिणीचं. ती लग्नानंतर ठाण्याला आली, डेस्कटॉप मात्र काकांच्या खोलीत सांगलीतच राहिला, कारण मुद्रितं अजून काकाच तपासतात. आता तिला ठाण्यातून कधी 2009 च्या दिवाळी अंकातला एक लेख हवा असतो, कधी चालू अंकाच्या दोन पानांत दुरुस्ती करायची असते. सांगलीच्या जोडणीचा अपलोडचा वेग सेकंदाला 20 मेगाबिट. सगळा साठा एकदाच उतरवून घ्यायचा म्हटलं, तर 180 जीबी म्हणजे 14 लाख 40 हजार मेगाबिट, भागिले 20, म्हणजे 72 हजार सेकंद. पूर्ण वेग मिळाला तरी वीस तास. एवढं करून दुसऱ्या दिवशी काकांनी मुद्रितात काना-मात्रा बदलला की ठाण्यातली प्रत शिळी.

म्हणून प्रत न करता सांगलीचा फोल्डरच ठाण्याच्या लॅपटॉपवर 'माउंट' करायचा. तो लॅपटॉपवर एखाद्या साध्या फोल्डरसारखा किंवा पेनड्राइव्हसारखा दिसतो. डबल क्लिक केलं की उघडतो, फाइल उघडून बदलली आणि सेव्ह केली की बदल थेट सांगलीच्या डिस्कवर उमटतो. लॅपटॉपवर काहीही साठत नाही.

हे घडवून आणणारं एक साधं साधन म्हणजे एसएसएचएफएस. नावातला पहिला भाग एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकाशी कूटबद्ध संवाद साधण्याची पद्धत. फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी ती 1995 मध्ये लिहिली. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी जाता-येता लोकांचे पासवर्ड टिपत होतं, त्यावरचा हा उपाय. दुसरा भाग फाइल सिस्टीमचा. पूर्वी लिनक्सला नव्या प्रकारची डिस्क ओळखायला शिकवायचं तर थेट त्याच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हात घालावा लागे. मिक्लोश सेरेदी यांच्या 'फ्यूज'ने ती अट काढली. 2005 मध्ये ते लिनक्सच्या कर्नलमध्ये आलं आणि तेव्हापासून एखादा साधा प्रोग्रामही 'मी डिस्क आहे' असं सांगू शकतो. एसएसएचएफएस हा असाच एक प्रोग्राम, तोही सेरेदींचाच. तुमच्या वर्ड प्रोसेसरने फाइल मागितली की लिनक्स ती मागणी एसएसएचएफएसकडे सोपवतं, तो ती एसएसएचमधून दूरच्या संगणकाला विचारतो आणि आलेलं उत्तर परत हातात ठेवतो. वर्ड प्रोसेसरला या प्रवासाचा पत्ताच नसतो. त्याच्या लेखी ही जवळचीच डिस्क. सोय या अज्ञानातून येते आणि पुढच्या सगळ्या अडचणीही त्यातूनच येतात.

सर्व्हरच्या बाजूला, म्हणजे इथे सांगलीत, काही खास बसवावं लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. एसएसएचचा सर्व्हर चालू असला की झालं. खरी पंचाईत वेगळीच असते: ठाण्याहून सांगलीच्या त्या खोलीपर्यंत पोचायचं कसं?

घरच्या राउटरला बाहेरच्या जगात स्वतःचा पत्ता असतो, अशी आपली समजूत. पण आयपी पत्ते अपुरे असल्यामुळे बऱ्याच कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता म्हणून 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होणारा आकडा दिसला, तर तुम्ही त्या रांगेतले. मग राउटरवर पोर्ट उघडून ठेवलं तरी उपयोग नाही, बाहेरून येणारा तुमच्या दारापर्यंत येतच नाही. सांगलीत तेच निघालं. यावर उपाय व्हीपीएनचा. दोन्ही संगणक बाहेरच्या दिशेने जोडणी करतात आणि एका खासगी नेटवर्कमध्ये एकमेकांना भेटतात. आम्ही टेलस्केल वापरलं. त्याच्या आत वायरगार्ड आहे, जे 2020 पासून लिनक्सच्या कर्नलचाच भाग आहे. दोन्ही यंत्रांवर टेलस्केल बसवायचं, एकाच खात्याने आत यायचं, की प्रत्येकाला 100 ने सुरू होणारा एक कायमचा पत्ता मिळतो आणि नावही. सांगलीच्या डेस्कटॉपचं नाव ठेवलं `mudran`.

जोडणी झाल्यावर एक गोष्ट तपासावीच:

```
tailscale ping mudran
```

उत्तरात `via` च्या पुढे एखादा आयपी पत्ता आला, तर दोन यंत्रं थेट बोलत आहेत. तिथे `DERP` दिसलं, तर सगळा डेटा मधल्या एका सर्व्हरवरून वळसा घेऊन जातोय आणि फोल्डर रेंगाळणार. सुरुवातीची एक-दोन उत्तरं तशी आली तरी हरकत नाही, थोड्या वेळाने थेट वाट सापडते. ती सापडलीच नाही, तर कुठल्या तरी बाजूचा राउटर किंवा फायरवॉल आडवा येतोय असं समजावं.

आणखी दोन गोष्टी दूर ठेवलेल्या यंत्राच्या बाबतीत हमखास नडतात. एक, डेस्कटॉप झोपी जातो. उबुंटूत पॉवरच्या सेटिंगमधलं आपोआप सस्पेंड होणं बंद करावं आणि वीज जाऊन आल्यावर यंत्र आपणहून सुरू होईल अशी बायोसमधली सोय चालू करावी. सांगलीत तिचा उपयोग पहिल्याच पावसाळ्यात झाला. दुसरी, टेलस्केलची ओळख मुळात 180 दिवसांनी संपते. सगळं सुरळीत चालू असताना सहा महिन्यांनी एका सकाळी यंत्र नेटवर्कवरून नाहीसं होतं आणि परत आणायला कोणीतरी त्याच्यासमोर बसून पुन्हा लॉगिन करावं लागतं. टेलस्केलच्या व्यवस्थापनाच्या पानावर त्या यंत्रापुरती ही मुदत काढून टाकता येते. ते पहिल्याच दिवशी करावं.

आता प्रत्यक्ष जोडणी. सांगलीच्या यंत्रावर `openssh-server` आणि ठाण्याच्या लॅपटॉपवर `sshfs` हे पॅकेज बसवलं. मग लॅपटॉपवर:

```
ssh-keygen -t ed25519
ssh-copy-id sampadak@mudran
```

पहिल्या ओळीने किल्ल्यांची जोडी तयार होते. एक खासगी, ती लॅपटॉपवरच राहते. दुसरी सार्वजनिक, ती दुसऱ्या ओळीने सांगलीला पोचते. पुढे पासवर्ड विचारला जात नाही. ही निव्वळ सोय नाही. जोडणी तुटल्यावर एसएसएचएफएसला ती पडद्याआड पुन्हा जोडायची असते आणि तिथे पासवर्ड टाकायला कोणी बसलेलं नसतं. किल्ली नसेल तर पुन्हा जोडणं जमतच नाही.

या दुसऱ्या ओळीवर लॅपटॉप थबकतो आणि विचारतो, की या यंत्राची ओळख पटत नाही, त्याच्या किल्लीचा ठसा असा असा आहे, पुढे जायचं का? `SHA256:` ने सुरू होणारी अक्षरांची लांबलचक माळ. बहुतेक लोक न वाचता `yes` लिहितात. आम्ही काकांना फोन लावला. "काका, ती काळी खिडकी उघडून मी सांगतो ते टाइप कराल का?" त्यांनी केलं:

```
ssh-keygen -lf /etc/ssh/ssh_host_ed25519_key.pub
```

आणि आलेली माळ त्यांनी मुद्रितशोधकाच्या सवयीने एकेक अक्षर, 'मोठा के, छोटा क्यू' असं करत वाचून दाखवली. जुळली. म्हणजे मधल्या मध्ये कोणी तोतया नाही. आधीच व्हीपीएनमध्ये असताना याची निकड कमी हे खरं, पण उघड्या इंटरनेटवरून एसएसएच वापरणाऱ्याने हे पाच मिनिटांचं काम टाळू नये. पुढे कधी 'ओळख बदलली आहे' असा मोठ्या अक्षरांतला इशारा आला, तर सांगलीच्या यंत्रावर नव्याने लिनक्स टाकलंय का, हे आधी विचारावं. टाकलं नसेल, तर जोडणी थांबवावी.

मग एक रिकामा फोल्डर आणि एक ओळ:

```
mkdir ~/sangli
sshfs sampadak@mudran:ank ~/sangli \
  -o reconnect,ServerAliveInterval=15,ServerAliveCountMax=3
```

`ank` हा सांगलीतला अंकांचा फोल्डर. त्याच्या आधी तिरकी रेघ नाही, म्हणून तो `sampadak` या वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरात शोधला जातो. शेवटच्या ओळीचा अर्थ पुढे येईल. काम संपलं की फोल्डर सोडवायचा:

```
fusermount3 -u ~/sangli
```

विंडोज वापरणाऱ्यांनी आधी विनएफएसपी आणि मग एसएसएचएफएस-विन ही दोन मोफत साधनं बसवावीत. त्यानंतर नेहमीच्या 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह'च्या खिडकीत `\\sshfs\sampadak@mudran\ank` असा पत्ता लिहिला की एक्स किंवा वाय अशा अक्षराचा ड्राइव्ह तयार होतो.

पहिल्या दिवशी बहिणीला तो फोल्डर जादूसारखा वाटला. दुसऱ्या दिवशी तिने 2012 च्या विशेषांकाच्या छायाचित्रांचा फोल्डर उघडला आणि लॅपटॉप बसला तो बसलाच. तिची समजूत, वेग कमी पडतोय, मोठा प्लॅन घ्यावा. पण नुसत्या वेगाने हे सुटत नाही. ठाणे ते सांगली एक प्रश्न जाऊन उत्तर यायला आमच्या जोडणीवर साधारण 35 मिलिसेकंद लागत होते. वाण्याला यादी देऊन सगळा किराणा एकदम आणायचा, की एकेक जिन्नस आठवेल तसा त्यासाठी वेगळी खेप घालायची, तेवढा हा फरक आहे. पिशवी मोठी केल्याने खेपा कमी होत नाहीत. फोल्डरात 240 छायाचित्रं होती. प्रत्येकाचं छोटं चित्र दाखवायला फाइल उघडा, वाचा, बंद करा, अशा किमान तीन खेपा. एकामागून एक केल्या तर 240 गुणिले 3 गुणिले 35 मिलिसेकंद, म्हणजे 25 सेकंद नुसते विचारण्यात. त्यात एकेक चित्र 6 एमबीचं आणि छोटी प्रतिमा बनवायला पूर्ण वाचावं लागलं, तर 1,440 एमबी, म्हणजे 20 मेगाबिटच्या वेगाने साडेनऊ मिनिटांहून जास्त. एवढं करून तिला हवं होतं एकच छायाचित्र.

उपाय फुकटचा निघाला. फाइल व्यवस्थापकाच्या पसंतीत छोट्या प्रतिमा दाखवणं बंद केलं आणि चित्रांऐवजी नावांची यादी ठेवली. यादी झटकन येते, कारण फोल्डरातली नावं, आकार, तारखा हे एसएसएचएफएस गठ्ठ्याने आणतो आणि 20 सेकंद लक्षात ठेवतो. या लक्षात ठेवण्याची दुसरी बाजू अशी, की काकांनी फोनवर 'टाकली बघ फाइल' म्हटल्यावर लगेच दिसेलच असं नाही. थोडं थांबून पुन्हा बघावं.

याहून मोठी चूक शोधाच्या बाबतीत होते. संपूर्ण साठ्यात 'दुष्काळ' हा शब्द कुठे कुठे आलाय ते हवं आहे. माउंट केलेल्या फोल्डरवर शोध लावला, तर प्रत्येक फाइलचा मजकूर वाचावा लागणार, आणि वाचणारा प्रोग्राम आहे ठाण्यात. म्हणजे जो 180 जीबीचा साठा उतरवायचा नव्हता तोच सबंध तारेवरून येणार, अख्खा वीस तासांचा ऐवज, आणि शोध संपला की सगळं हवेत. त्याऐवजी प्रश्नच सांगलीला पाठवावा:

```
ssh sampadak@mudran "grep -rl 'दुष्काळ' ank"
```

इथे वाचन सांगलीच्या डिस्कवर, सांगलीच्या यंत्रात होतं आणि ठाण्याला फक्त सापडलेल्या फाइलींची नावं येतात. आमच्याकडे साध्या मजकुराच्या फाइली वेगळ्या ठेवलेल्या होत्या म्हणून हे जमलं. वर्ड किंवा ओडीटी फाइल आतून दाबलेली असते, तिच्यात असा शोध चालत नाही. आणि युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमधले जुने अंक तर काहीच दाद देत नाहीत. तिथे पडद्यावर 'दुष्काळ' दिसत असला तरी आत भलतीच इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. मराठी प्रकाशकांच्या कपाटात हे दुखणं घरोघर आहे, पण तो वेगळा विषय.

प्रत काढून ठेवण्याचंही तेच. माउंट केलेल्या फोल्डरमधून `rsync` चालवला, तर त्याला दोन्ही बाजू जवळच्याच वाटतात आणि बदललेला तुकडा तेवढाच आणण्याची त्याची हुशारी बंद पडते. थेट `rsync -av sampadak@mudran:ank/ /media/nakkal/` असं सांगितलं की दोन्ही टोकांना `rsync` चालतो आणि आपसांत बोलून फक्त फरक पाठवतो.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. "दादा, फोल्डर दिसतोय पण उघडत नाहीये. आणि आता बाकीचं पण काही उघडत नाहीये." सांगलीत राउटरची वीज गेली होती. जवळची डिस्क कधी मिनिटभर गप्प बसत नाही, एक तर उत्तर देते नाहीतर सरळ मोडते. त्यामुळे प्रोग्राम उत्तराची वाट बघत राहतात. फाइल व्यवस्थापक गोठतो, टर्मिनलमध्ये `ls` केलं तर तेही गोठतं, बंद करायला गेलं तर बहुधा दाद देत नाही. आपल्याकडून पाठवलेला डेटा पोचत नसेल, तर लिनक्स सुमारे 15 मिनिटं पुन्हा पुन्हा पाठवून बघत राहतं आणि मगच जोडणी मेल्याचं मान्य करतं. वरच्या आज्ञेतले दोन पर्याय यासाठीच होते. `ServerAliveInterval=15` म्हणजे समोरून काही येत नसेल तर दर 15 सेकंदांनी 'आहेस का?' असं विचार. `ServerAliveCountMax=3` म्हणजे तीनदा उत्तर नाही आलं तर जोडणी सोड. पाऊण मिनिटात निकाल. मग `reconnect` मुळे सांगलीची वीज आल्यावर फोल्डर आपोआप पुन्हा जिवंत होतो. तिने दुपारी लॅपटॉप बंद-चालू केल्यावर जी ओळ टाकली होती, तिच्यात नेमके हेच पर्याय राहून गेले होते.

तरीही अडकलं तर:

```
pkill sshfs
fusermount3 -uz ~/sangli
```

पहिल्या ओळीने मधला दुवाच काढून टाकला जातो आणि अडकलेले प्रोग्राम 'Transport endpoint is not connected' असं कुरकुरत मोकळे होतात. दुसरी ओळ फोल्डर सोडवते, कोणी तो धरून बसलं असलं तरी. दुसऱ्या एखाद्या प्रसंगी फक्त `-u` दिल्यावर 'Device or resource busy' आलं, तर बहुतेक वेळा एखादी टर्मिनलची खिडकी त्या फोल्डरात उघडी असते, एवढंच.

व्हीपीएनचा इथे एक अनपेक्षित फायदा आहे. घरचं वायफाय सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेलं, तरी लॅपटॉपचा 100 चा पत्ता तोच राहतो. त्यामुळे क्षणभर अडखळून तीच जोडणी पुढे चालू राहते. लोकलमध्ये हे कळतं.

जोडणी पुन्हा आली तरी तुटताना उघड्या असलेल्या फाइलीची शाश्वती नसते. अर्धवट सेव्ह झालेली फाइल अर्धवटच राहू शकते. म्हणून मी बहिणीला सांगितलं, वाचायचं ते थेट फोल्डरातून वाच, पण अंकाच्या मांडणीची मोठी फाइल आधी लॅपटॉपवर उतरव, तिथे दिवसभर काम कर आणि संध्याकाळी परत ठेव. आणि मूळ फाइलवर लिहू नकोस, नाव बदलून शेजारी ठेव.

आता खरा धोका. वर तयार केलेला `~/sangli` हा फोल्डर मुळात लॅपटॉपवरचा एक रिकामा फोल्डर आहे, सांगलीचा फोल्डर त्याच्यावर पडद्यासारखा चढतो. जोडणी नसताना तो रिकामा फोल्डर तसाच तिथे असतो, त्याच नावाने. समजा दर रात्री `~/sangli` ची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढणारी एक आज्ञा लावून ठेवली आहे आणि तिच्यात 'मुळात नाही ते नकलेतूनही काढ' या अर्थाचा `--delete` आहे. एका रात्री माउंट झालेलं नाही. आज्ञा बघते, मूळ फोल्डर रिकामा. मग ती प्रामाणिकपणे हार्ड डिस्कवरची सगळी नक्कल पुसते. कुठेही चूक दाखवली जात नाही. उलट बाजूने, जोडणी नसताना कोणी त्या फोल्डरात काही सेव्ह केलं, तर ते लॅपटॉपवर पडतं आणि पुन्हा माउंट केलं की त्या पडद्याखाली झाकलं जातं. फाइल 'हरवते', जागा मात्र खात राहते.

दोन साधे बंदोबस्त आहेत. एक, कोणत्याही आपोआप चालणाऱ्या आज्ञेआधी तपासणी:

```
mountpoint -q ~/sangli && rsync -av ~/sangli/ /media/nakkal/
```

माउंट असेल तरच पुढचं चालेल. दुसरा, माउंट नसताना, म्हणजे फोल्डर सोडवल्यावर दर वेळी, `chmod 000 ~/sangli` करून ठेवावं. मग त्या रिकाम्या फोल्डरात वापरकर्त्याला काही लिहिताच येत नाही. माउंट करताना मात्र त्या फोल्डरात लिहिण्याचा हक्क लागतो, म्हणून त्याआधी `chmod 700 ~/sangli` करावं. माउंट केल्यावर वर सांगलीचा फोल्डर आणि त्याचे हक्क येतात. आपल्या वापरात हे एकदा तपासून घ्यावं, म्हणजे झालं.

आणि पुसण्याचं. विंडोजमध्ये नेटवर्क ड्राइव्हवरची फाइल पुसली की ती रिसायकल बिनमध्ये जात नाही. गेली ती गेली. साठ्याची खरी नक्कल सांगलीच्या यंत्रालाच जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवर हवी. माउंट म्हणजे बॅकअप नव्हे, तीच एक प्रत दोन ठिकाणी दिसते.

एवढा वेळ काम करणारी माणसं दोनच होती आणि ती एकमेकांना फोन करू शकत होती. काका एखादा लेख तपासत असताना बहिणीने तोच उघडला, तर लिब्रेऑफिस शेजारी `.~lock` ने सुरू होणारी एक छोटी फाइल ठेवून 'ही उघडी आहे' असं सांगतं. पण ती नुसती पाटी आहे. एसएसएचएफएस फाइलींना दोन यंत्रांमधलं खरं कुलूप लावत नाही, आणि 20 सेकंदांच्या आठवणीमुळे ती पाटीही उशिरा दिसू शकते. पाच-सहा जणांचं कार्यालय असेल, तर ही पद्धत पुरत नाही.

तिथे उपयोगी पडते विंडोजची नेहमीची शेअर, जिच्यामागे एसएमबी ही पद्धत असते. तिच्यात कुलुपाची खरी व्यवस्था आहे. एकाने एक्सेलची फाइल उघडली की दुसऱ्याला ती वाचण्यापुरतीच मिळते. पण एसएमबी घरातल्या नेटवर्कसाठी घडलेली. तिचं 445 हे पोर्ट राउटरवरून थेट इंटरनेटला उघडणं म्हणजे संकटाला आमंत्रण. मे 2017 मध्ये वॉनाक्रायने जगभरची यंत्रं ओलीस धरली, ती एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या एका भोकातून. म्हणून आधी व्हीपीएन आणि त्याच्या आतून शेअर:

```
net use Z: \\192.168.1.20\karyalay /persistent:yes
```

इथे तीन ठिकाणी लोक हटकून अडकतात. सकाळी लॅपटॉप सुरू केला की झेड ड्राइव्हवर लाल फुली दिसते, कारण विंडोजने ड्राइव्ह जोडायचा प्रयत्न केला तेव्हा व्हीपीएन सुरूच झालेलं नव्हतं. व्हीपीएन लागल्यावर त्या ड्राइव्हवर डबल क्लिक केलं की बहुतेक वेळा काम भागतं. दुसरं दुखणं फसवं. व्हीपीएन 'जोडलं' म्हणतं, पण 192.168.1.20 सापडत नाही. कारण घरच्या राउटरचं नेटवर्कही 192.168.1 नेच सुरू होतं. लॅपटॉपला वाटतं, हा पत्ता आपल्याच घरातला, मग तो व्हीपीएनकडे बघतच नाही, घरातच शोधत बसतो. बहुतेक राउटर कारखान्यातून हाच किंवा 192.168.0 हा पत्ता घेऊन येतात, म्हणून हा घोळ इतका सर्रास. कार्यालयाचं नेटवर्क 10.37.5 असं काहीतरी आडवळणाचं ठेवलं की तो मिटतो.

तिसरं सगळ्यात चकवणारं. ड्राइव्ह उघडतो, नावं दिसतात, छोटी फाइल येते, पण मोठी कॉपी करायला घेतली की एका जागी थिजते. वाटेतल्या कुठल्यातरी टप्प्यावर मोठी पाकिटं मावत नाहीत आणि 'मावत नाही' हा निरोपही परत येत नाही. वायरगार्ड एका पाकिटात सहसा 1,420 बाइट धरतो. त्याच्या सेटिंगमध्ये `MTU = 1280` लिहून बघावं. कॉपी सुरळीत झाली, तर दुखणं तेच होतं.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा मात्र यातल्या कोणत्याच ड्राइव्हवरून चालवू नये. एक व्हाउचर नोंदवताना असे प्रोग्राम डेटाच्या फाइलींत अनेक ठिकाणी थोडं थोडं वाचतात आणि लिहितात. 35 मिलिसेकंदांच्या अंतरावर ते रखडतं आणि मधे जोडणी तुटली तर नोंद अर्धी राहून फाइलच बिघडू शकते. एका ओळखीच्या करसल्लागाराच्या कार्यालयात मार्चअखेर हेच चाललं होतं, घरून झेड ड्राइव्हवर हिशेब उघडायचा आणि चहा करून यायचं. आता ते व्हीपीएनमधून कार्यालयाच्या संगणकाचा पडदाच घरी आणतात, रिमोट डेस्कटॉपने. प्रोग्राम आणि डेटा तिथेच एका यंत्रात राहतो, तारेवरून येतं ते फक्त चित्र आणि जातात त्या फक्त बोटांनी दाबलेल्या कळा. वीज गेली तर पडदा जातो, व्हाउचर नाही.